मल्याळी मैत्रिणीला नीट कळेल असा निरोप कसा लिहू? (मूळ निरोप खाली दिला आहे)

मृणाल_कोथरूड

शनिवारी मी एका मैत्रिणीला निरोप पाठवला आणि तो भलताच पोचला. आता पुन्हा लिहायचा आहे आणि या वेळी चूक परवडणार नाही, म्हणून इथे विचारते आहे.

मैत्रीण केरळची आहे, इथे एका हॉस्पिटलमध्ये नर्स. पाच वर्षं पुण्यात आहे. शाळेत हिंदी होतं म्हणून देवनागरी वाचते, मराठी वॉर्डात ऐकून ऐकून शिकली. इंग्रजी उत्तम येतं, पण तिनेच मला सांगून ठेवलंय की मराठीतच लिही, पेशंटशी बोलताना उपयोग होतो. त्यामुळे "इंग्रजीत लिहा" हा सल्ला कृपया नको.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी १० तारखेला होतं. शनिवारी ८ तारखेला तपासणीत साखर जास्त निघाली म्हणून डॉक्टरांनी ते १९ तारखेवर नेलं. मी मैत्रिणीला लिहिलं ते जसंच्या तसं देते:

> अगं, परवाचं ऑपरेशन पुढे ढकललं. साखर वर गेली तर डॉक्टरांनी चक्क हात वर केले. आईने हाय खाल्लीय आणि माझ्या डोक्याला नुसता ताप झालाय. शाळेत परीक्षा तोंडावर आल्यात, सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. पुढच्या बुधवारी जमतंय का बघ ना, नाहीतर माझी पंचाईत आहे. तू नाही म्हणणार नाहीस म्हणा! फाइल आईकडे असेल, ती काउंटरला देऊन टाक. किल्ली राहू दे. बाकी भेटल्यावर.

रात्री साडेदहाला ही दारात. ड्युटी संपवून तशीच रिक्षाने आलेली, युनिफॉर्मवर स्वेटर. आत आली ती थेट आईच्या पलंगाशी. एका हातात थर्मामीटर. आईला विचारते, "काय खाल्लं होतं?" आई म्हणाली, आमटीभात. तर म्हणे, नाही, ते दुसरं, ज्याने साखर वाढली ते.

मग उलगडत गेलं. तिने "परवाचं" म्हणजे गुरुवारी झालेलं असं धरलं होतं. ऑपरेशन झालं, नंतर साखर चढली, डॉक्टरांनी आशा सोडली, आईने काहीतरी खाल्लं आणि मला ताप आला. चहा झाला, तिचा जीव भांड्यात पडला, आणि निघताना दारात तिने विचारलं, "मग पुढच्या बुधवारी ना?" मी म्हटलं, हो हो, पुढच्याच.

काल, १२ तारखेला, ती सकाळी सातला तयार होऊन आली. रजा टाकून. आणि घराची किल्ली, जी तिने स्वतःकडेच ठेवावी असं मला म्हणायचं होतं, ती ती शनिवारीच आमच्या टेबलावर ठेवून गेली होती.

तिची एक रजा माझ्यामुळे वाया गेली. पुढच्या आठवड्याचं ड्युटीचं पत्रक शनिवारी लागतं, म्हणून मला उद्या शुक्रवारपर्यंत तिला नीट कळवायला हवं. हा निरोप साधा करून द्याल का? मी प्रयत्न केला, पण मला मुळात माझ्या वाक्यांत वाक्प्रचार दिसतच नाहीत.

---

प्रसाद_नाशिक

सोपं आहे. वाक्प्रचार काढून टाका आणि संस्कृत शब्द वापरा. सगळ्या भारतीय भाषांत तत्सम शब्द समान असतात, मल्याळममध्ये तर भरपूर. "शस्त्रक्रिया १९ तारखेस होईल. मातोश्रींची प्रकृती स्थिर आहे. आपले सहकार्य अपेक्षित आहे." कळेल तिला.

---

सुनंदा_मिरज

मृणाल, बँकेत बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. त्यांत तमिळ, मल्याळी, ओडिया, बंगाली सगळे होते. तुमचा निरोप वाचून मला त्या वर्गांची आठवण झाली. तुमची काही चूक नाही, आपण सगळे असंच लिहितो.

आधी प्रसाद यांना उत्तर. "शस्त्रक्रिया" चालेल, मल्याळममध्येही हाच शब्द आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका. संस्कृत शब्द प्रत्येक भाषेच्या घरी जाऊन वेगळा संसार करतात. मल्याळममध्ये "प्रसंगम्" म्हणजे भाषण, "कल्याणम्" म्हणजे लग्न. "आईवर मोठा प्रसंग आला" असं लिहिलंत तर ती काय समजेल? "अवसरम्" मल्याळीला संधी वाटते, तमिळला घाई आणि तेलुगूला गरज. शिवाय तुमची मैत्रीण देवनागरी हिंदीतून शिकली आहे, म्हणजे मध्ये आणखी एक भाषा आहे. "शिक्षा" म्हणजे मल्याळममध्ये आपल्यासारखीच शिक्षा, पण हिंदीत शिक्षण. ती कुठल्या वाटेने अर्थ लावेल हे आपल्याला कळत नाही. ओळखीचा दिसणारा शब्द जास्त फसवतो, कारण अनोळखी शब्द माणूस विचारतो आणि ओळखीचा विचारत नाही.

आता तुमचा निरोप. यात "हाय खाल्ली" आणि "डोक्याला ताप" उठून दिसतात, पण नुकसान त्यांनी केलेलं नाही. थर्मामीटर आणलं, विषय मिटला. रजा गेली ती "पुढच्या बुधवारी"मुळे आणि किल्ली गेली ती "राहू दे"मुळे. हे दोन्ही वाक्प्रचार आहेत असं कुणालाच वाटत नाही. शनिवारी बोलताना "पुढचा बुधवार" १२ तारखेचाही असतो आणि १९ चाही. "परवा" तर मागेही जातो आणि पुढेही. मराठी माणसाला क्रियापदावरून कळतं, पण तुमच्या वाक्यात क्रियापद होतं "ढकललं", भूतकाळी.

संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता नातवाला आणायला जायचंय.

---

बेळगावचा_बाळू

आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. बेळगावात कन्नडवाले मराठी बोलतात, आम्ही कन्नड बोलतो, वाक्प्रचारसुद्धा दोन्हीकडे सारखेच फिरतात. शेजारच्या भाषेला एवढं जपून लिहायची गरज नाही असं मला वाटतं.

पण लिहिता लिहिताच एक आठवलं, ते सांगतो की. दुकानाचं छप्पर पावसात गेलं तेव्हा मी धारवाडच्या एका मित्राला मराठीत म्हटलं, "भावाने हात दिला म्हणून निभावलं." तो एकदम गप्प झाला. नंतर म्हणाला, सख्खा भाऊ असून असं कसं केलं? कन्नडमध्ये "कै कोट्ट", म्हणजे हात दिला, याचा अर्थ ऐन वेळी दगा दिला. पाऊस पडला नाही तरी तिथल्या पेपरात येतं, पावसाने हात दिला. शब्द तेच, हातही तोच, अर्थ उलटा. म्हणजे मी वर लिहिलेलं फारसं खरं नाही असं म्हणावं लागेल.

---

तात्या_वाई

मला हे पटत नाही. मराठीतून "हाय खाल्ली", "जीव भांड्यात पडला" काढलं तर उरलं काय? रेल्वेची घोषणा. परक्या माणसाने भाषा शिकताना ठेच लागू दे की. आमच्या लहानपणी कानडी, गुजराती व्यापारी वाईत येऊन अस्सल मराठी बोलायला शिकले, कुणी त्यांच्यासाठी सोपी करून ठेवली नव्हती. उलट त्या पोरीला सगळ्या म्हणी शिकवा.

---

मृणाल_कोथरूड

तात्या, तिला शिकायचंच आहे आणि मी शिकवतेही. पण आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तिला ठेच लागली तर आई रिक्षास्टँडवर एकटी उभी राहील.

---

केतकी_योकोहामा

जपानमध्ये याच कामाला एक नाव आहे, "यासाशी निहोंगो". १९९५ मध्ये कोबेला मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथल्या परदेशी लोकांना जपानी सूचना कळत नव्हत्या आणि सगळ्यांना इंग्रजीही येत नव्हतं. त्यातून ही साधी जपानी लिहायची पद्धत पुढे आली. आता आमच्या वॉर्ड ऑफिसची पत्रकंही तशी मिळतात. "यासाशी" या उच्चाराचे दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ सोपं आणि दुसऱ्याचा अर्थ मायाळू.

मी नवीन आले तेव्हा एका इमारतीत "दोसोकु गेन्किन" अशी पाटी होती. अक्षरं ओळखून मी अर्थ लावला, माती, पाय, कडक मनाई. चिखलाचे पाय नकोत, माझे बूट तर स्वच्छ होते, मी आत गेले. साध्या जपानीत तीच पाटी लिहितात, "कृपया बूट काढा." कशाला मनाई आहे यापेक्षा मी काय करायचं ते त्यात आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून उपयोगी वाटते. "हिनान्जो" म्हणजे आपत्तीत आसरा घ्यायची जागा. हा शब्द अवघड आहे, तरी ते काढत नाहीत. शेजारी लिहितात, "सगळे पळून जातात ती जागा". कारण रस्त्यावरच्या पाटीवर "हिनान्जो"च लिहिलेलं असणार. तो शब्दच गाळला तर माणूस पाटीसमोर उभा राहील आणि त्याला कळणार नाही. मृणाल, तुझ्या मैत्रिणीला त्या दिवशी काउंटरवर, कागदावर जे शब्द दिसणार आहेत ते बदलू नकोस.

---

प्रसाद_नाशिक

सुनंदाताई, "अवसर"चं माहीत नव्हतं. मग निदान वाक्यं छोटी करा हे तरी बरोबर ना?

---

सुनंदा_मिरज

हो, पण छोटं म्हणजे साधं नव्हे. "किल्ली राहू दे" तीनच शब्दांचं वाक्य आहे. कुठे राहू दे? कुणाकडे? आपण गाळलेलं ती भरते, आणि तिने ते नीट विचार करून भरलं. "ठेवून जा" असा अर्थ काढला. वाक्य लांबलं तरी चालेल, कोण, काय, कुठे हे गाळू नका.

मृणाल, आता सविस्तर. शब्दाला शब्द बदलत बसू नका. "डोक्याला ताप" काढून "मी त्रस्त आहे" घातलं तरी निरोप तसाच राहतो. मूळ निरोप बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, हे वाचून तिने काय करायचं आहे? तुमच्या निरोपात नऊ वाक्यं आहेत. त्यांतली तीन तिने करायच्या कामांची आहेत, आणि ती शेवटी, घाईत आली आहेत. बाकी सगळा तुमचा जीव कासावीस झाला होता तो आहे. तो लिहू नये असं नाही, पण कामाच्या गोष्टींत तो गुंफला की ती कामाच्या गोष्टी शोधत बसते.

छोटी क्रियापदं बघा. "देऊन टाक", "करून टाक", "बोलून बसले", "येऊन जा". आपल्याला "टाक" ऐकूच येत नाही. माझ्या वर्गातल्या एका ओडिया गृहस्थांना साहेबांनी सांगितलं, "हे फॉर्म तपासून टाका." त्यांनी तपासले आणि खरोखर रद्दीत टाकले. पुस्तकात म्हणींची यादी असते, या "टाक"ची नसते. तुमच्या निरोपात नुसतं "दे" लिहा.

नकारात नकार नको. "तू नाही म्हणणार नाहीस" याला तिने "हो" उत्तर दिलं तर येणार की नाही येणार? तिलाही सांगता येणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, "जमतंय का बघ ना". मराठीत ही विनंती आहे, भरपूर आर्जव असलेली. तुमच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ "तुझ्याशिवाय माझं चालणार नाही, पण तुला अडचण नको" असा आहे. तिला दिसतं ते एवढंच, जमलं तर ये, नाहीतर राहू दे. म्हणून "बघ ना"मध्ये दडलेल्या दोन्ही गोष्टी उघड लिहा. मला तुझी मदत हवी आहे. आणि नाही म्हणालीस तर मी काय करणार आहे. दुसरं वाक्य विसरू नका. ते नसेल तर साधा निरोप हुकूम वाटतो.

---

अय्यरांची_सून_डोंबिवली

माझं सासर मल्याळी बोलणारं, पालक्काडचं. एक सांगते, "आपण" आणि "आम्ही" यांची काळजी करू नका. मल्याळममध्ये "नम्मळ" आणि "ञङ्ङळ" असा अगदी हाच फरक आहे, ऐकणारा धरून आणि ऐकणारा सोडून. माझ्या सासूबाई मराठी मोडकं बोलतात पण "आपण जाऊ" आणि "आम्ही जाऊ" यांत कधी चुकत नाहीत. माझी लखनौची जाऊ मात्र दर वेळी अडते, तिला "आपण" म्हणजे "आप" वाटतं. मी एकदा लिहिलं, "आपण पाचला निघू", तिने विचारलं, मी एकटीच निघू का?

मुद्दा असा की परभाषिक म्हणजे एकच माणूस नाही. मल्याळीला जे सोपं ते हिंदीवाल्याला अवघड.

आणि मृणाल, तिचे जुने मेसेज उघडून बघ. ती स्वतः जे मराठी शब्द लिहिते तेच वापर. सासूबाईंना "चक्कर", "मळमळ", "गरगरतंय" सगळं येतं, पण "तारांबळ" येत नाही.

---

मृणाल_कोथरूड

जुने मेसेज बघितले, दोन वर्षांचे. डोळे उघडले. ती "शुगर" लिहिते, "साखर" चहाची. "ताप", "भूल", "टाके", "पट्टी", "डिस्चार्ज" हे सगळं येतं. म्हणजे "ताप" तिला फार चांगला येतो म्हणूनच घोटाळा झाला. वॉर्डात दिवसभर "ताप किती?" विचारणारी बाई "डोक्याला ताप" वाचून थर्मामीटर आणणारच. आणि "हात वर केले"बद्दल विचारलं, तर म्हणाली, नातेवाईक कॉरिडॉरमध्ये रडताना फोनवर हेच सांगतात. तिने हे वाक्य फक्त तिथेच ऐकलं आहे. मला ते ऐकून कसंतरी झालं.

वेळ ती नेहमी आकड्यात लिहिते. "साडेसात" कधीच नाही, "७.३०".

हा माझा मसुदा:

> आईचं ऑपरेशन झालेलं नाही. आईची शुगर जास्त आहे म्हणून नवीन तारीख मिळाली. बुधवार, १९ तारीख. सकाळी ८ वाजता हॉस्पिटलमध्ये पोचायचं आहे.
>
> १९ तारखेला शाळेत परीक्षा आहे. मला सुट्टी मिळणार नाही. मला तुझी मदत हवी आहे.
>
> तू १९ तारखेला सकाळी ७ वाजता आमच्या घरी ये. आईला रिक्षाने हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. फाइल आईच्या पिशवीत आहे. ती काउंटरवर दे. काउंटरवर फाइल परत दिली की पिशवीत ठेव. मी दुपारी २ वाजता हॉस्पिटलमध्ये येईन. मग तू घरी जा.
>
> आमच्या घराची किल्ली आता आमच्याकडे आहे. मी ती तुला १८ तारखेला देईन. ती तुझ्याजवळ ठेव.
>
> कळलं का?

खरं सांगते, वाचून मला रडू आलं. हे मी माझ्या मैत्रिणीला लिहिते आहे की शिपायाला?

---

तात्या_वाई

हेच मी म्हणत होतो. निरोप बिनचूक, आणि माया गेली.

---

सुनंदा_मिरज

तात्यांचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही, हा कोरडेपणा खरा आहे. माझ्या वर्गातले लोकही म्हणायचे, बाई, तुम्ही वर्गात वेगळं बोलता आणि बाहेर वेगळं. पण माया वाक्प्रचारात नसते. मृणालने "अगं" का काढलं? ते राहू दे, म्हणजे निरोपातच ठेव. तिला "अगं" येतं. आणि साध्या शब्दांत जिव्हाळ्याचं एक वाक्य लिही, खरं असेल ते.

"कळलं का?" काढ. त्याला जगात सगळे "हो" म्हणतात. शनिवारी दारात तेच झालं, तिने विचारलं पुढच्या बुधवारी ना, तू म्हणालीस हो, आणि दोघींच्या मनात दोन बुधवार. ज्याचं उत्तर "हो" देता येणार नाही असं काही विचार. उदाहरणार्थ, १९ तारखेला तुझी ड्युटी किती ते किती? उत्तरात तारीख आली की तुला कळेल निरोप कुठे पोचला.

आणि नाही म्हणायची वाट ठेवायला विसरलीस.

---

केतकी_योकोहामा

पहिलं वाक्यही बदल. "ऑपरेशन झालेलं नाही" हे खरं असलं तरी तिची गेल्या शनिवारची रात्र आठव. आधी आई ठीक आहे ते लिही, मग बाकीचं. घाबरलेलं माणूस दुसरं वाक्य वाचत नाही, निघतं.

---

बेळगावचा_बाळू

रिक्षा कुठून करायची ते पण लिहा. आमच्याकडे सकाळी सातला मिळत नाही.

---

मृणाल_कोथरूड

रिक्षा आमच्या गेटसमोर मिळते बाळूदादा, तिला माहीत आहे.

सुरुवात आणि शेवट असा केला आणि आज दुपारी पाठवला:

> अगं, आई ठीक आहे. काळजी करू नको. ऑपरेशन अजून झालेलं नाही.

आणि शेवटी:

> आई तुझ्याबरोबर असली की घाबरत नाही. माझ्याबरोबर असली की घाबरते. म्हणून मी तुला विचारते आहे. पण तुला ड्युटी असेल तर नाही सांग. मग मी मामाला बोलवेन. मला वाईट वाटणार नाही.
>
> मला आज रात्री लिही: १९ तारखेला तुझी ड्युटी किती ते किती आहे?

संध्याकाळी उत्तर आलं. तिचं मराठी तसंच देते: "१८ रात्री ८ ते १९ सकाळी ८ नाइट होती. सिस्टरला बोलली, चेंज केली. १९ ऑफ आहे. ७ वाजता येते. आई का घाबरते तुला? तू ओरडते." आणि खाली एक प्रश्न: "फाइल दोन वेळा देतात?"

मला पाच मिनिटं कळेना. मग दिसलं. "फाइल परत दिली की."

---

सुनंदा_मिरज

अरे! हे माझ्याही नजरेतून सुटलं. "परत" म्हणजे माघारी आणि "परत" म्हणजे पुन्हा. माझ्या वहीत "परवा" आहे, "राहू दे" आहे, "परत" नव्हतं. लिहून घेते आहे.

पण बघ मृणाल, या वेळी तिने विचारलं. शनिवारी विचारलं नव्हतं. सगळं वाक्य कळत असलं की न कळलेला एक शब्द उठून दिसतो, सगळंच अंधुक असलं की माणूस अंदाजाने पुढे जातो.

---

तात्या_वाई

"माघारी" लिहा की मग. चांगला मराठी शब्द आहे. "फाइल माघारी दिली की". त्याचा दुसरा अर्थ नाही.

---

अय्यरांची_सून_डोंबिवली

तात्या, शब्द छान आहे, पण पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये तिने तो कधी ऐकला असेल असं वाटत नाही. तिला शब्दकोश उघडावा लागेल.

---

तात्या_वाई

उघडू दे की. एक शब्द शिकेल.

---

मृणाल_कोथरूड

तात्या, "माघारी" तिला १९ नंतर नक्की शिकवेन. "हाय खाणे" तर तिने आधीच विचारून वहीत लिहून घेतलंय, आणि आईला रोज फोनवर विचारते, आज हाय खाल्ली का.

आत्तासाठी ते वाक्यच काढलं. लिहिलं, "काउंटरवरचा माणूस फाइल बघेल. मग तो फाइल तुझ्या हातात देईल. ती पिशवीत ठेव." पाठवलं. तिने उत्तरात पिशवीचा फोटो मागितला आहे, कारण आईकडे तीन पिशव्या आहेत.